गुडघ्याचा फ्लेक्स: खासगी हॉस्पिटलनं जाहिरातीत काय लिहावं, काय नाही

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, पन्नास खाटांचं हॉस्पिटल. मालक स्वतः हाडांचे सर्जन. एका संध्याकाळी त्यांनी मला व्हॉट्सॲपवर फ्लेक्सचं डिझाइन पाठवलं आणि खाली लिहिलं, "मॅडम, उद्या प्रिंटला टाकायचंय. एकदा नजर फिरवा."

डिझाइन करणारा पोरगा एरवी वाढदिवसांचे फ्लेक्स करतो, हे बघताक्षणी कळत होतं. डॉक्टरांचा हात बांधून उभा फोटो, मागे सोनेरी किरणं. बाजूला एक आजी: डावीकडे काठी टेकत, उजवीकडे जिना चढताना. मजकूर असा:

"१०० टक्के यशस्वी गुडघेरोपण! वेदनारहित रोबोटिक शस्त्रक्रिया. दुसऱ्या दिवशी चाला! जिल्ह्यात नं. १. २००० हून अधिक यशस्वी ऑपरेशन्स. पॅकेज फक्त १,४९,०००* पासून. रविवारी मोफत गुडघेदुखी शिबिर."

मी बरीच वर्षं हॉस्पिटलांच्या प्रसिद्धीचं काम करते, त्यामुळे अशी डिझाइन्स मला नवी नाहीत. पण हा एकच फ्लेक्स ओळीओळीनं उलगडला, तर खासगी हॉस्पिटलच्या जाहिरातीतली जवळपास सगळी भानगड समजते. म्हणून तोच घेऊन बसू.

आधी एक गोष्ट, जी हॉस्पिटल चालवणाऱ्या कित्येकांना माहीत नसते. डॉक्टरांना लागू असलेला नियम वेगळा आणि हॉस्पिटलला लागू असलेला वेगळा. डॉक्टरांसाठी २००२ सालची व्यावसायिक आचारसंहिता आहे. ती तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं केली. २०२० मध्ये कौन्सिल जाऊन नॅशनल मेडिकल कमिशन आलं, तरी आचारसंहिता तीच चालू राहिली. कमिशननं २ ऑगस्ट २०२३ला नवी नियमावली काढली होती, त्यात सोशल मीडियावर डॉक्टरांनी कसं वागावं याचंही स्वतंत्र प्रकरण होतं. पण वाद झाला आणि तीनच आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ती स्थगित करून २००२चीच संहिता पुन्हा लागू केली. म्हणजे इन्स्टाग्रामवर रील टाकणारा डॉक्टर आजही अशा नियमांना बांधलेला आहे, जे लिहिताना सोशल मीडिया कुणाच्या डोळ्यासमोरच नव्हता.

ही संहिता काय म्हणते? डॉक्टरनं प्रत्यक्ष किंवा आडमार्गानं रुग्ण ओढणं अनैतिक. आपलं नाव, कौशल्य, पदव्या, यश यांच्याकडे लोकांचं लक्ष वेधणारी प्रसिद्धी करायची नाही, एकट्यानं नाही आणि दुसऱ्याच्या सोबतीनंही नाही. स्वतःचा फोटो लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर छापणं ही सरळ आत्मप्रसिद्धी. मुभा आहे ती मोजक्या जाहीर निवेदनांना: दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवर आहे, परत आलो, फी अमुक आहे.

मग हॉस्पिटलनं गप्पच बसायचं का? तसं नाही. त्याच संहितेत एक कलम आहे, ज्याच्यावर आमचा सगळा धंदा उभा आहे. डॉक्टर चालवत असलेलं प्रसूतिगृह, नर्सिंग होम किंवा खासगी हॉस्पिटल वर्तमानपत्रात जाहिरात करू शकतं. फक्त तिच्यात संस्थेचं नाव, कोणत्या प्रकारचे रुग्ण घेतले जातात, सोयी काय आहेत, प्रशिक्षण दिलं जात असेल तर ते, आणि शुल्क यापलीकडे काही नको. कलम एवढंच. पण नीट वाचलं तर त्यात भरपूर जागा आहे. सोयी सांगा, दर सांगा. दर सांगायला तर कोणी तयार नसतं, आणि नेमकी तीच गोष्ट सांगायला नियमाची पूर्ण परवानगी आहे!

दुसरीकडे, मेडिकल कौन्सिल कारवाई करते ती डॉक्टरवर, हॉस्पिटलच्या कंपनीवर नाही. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे गेली, तर नोटीस येते फ्लेक्सवर चेहरा असलेल्या माणसाला. मोठ्या शहरांतल्या पगारी कन्सल्टंट लोकांना मी हे नेहमी सांगते. "फोटो मार्केटिंगवाल्यांनी लावला, मला विचारलंच नाही" हा बचाव फार लांब जात नाही, कारण 'दुसऱ्याच्या सोबतीनं' हे शब्द संहितेत आहेत. नोंदणी तुमची आहे, मार्केटिंग मॅनेजरला गमावण्यासारखी नोंदणीच नाही.

हॉस्पिटलला पकडणारा कायदा वेगळा. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०१९च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण केलं, त्याला सगळे सीसीपीए म्हणतात. या प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. दंडाची तरतूद पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत आहे. स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसना या प्राधिकरणानं केलेले दंड तुम्ही वाचले असतील. टॉपरचा फोटो मोठा, पण त्यानं त्या क्लासचा फक्त मुलाखतीचा कोर्स केला होता हे लपवलेलं. फोटो खराच होता. न सांगितलेल्या अर्ध्या गोष्टीनं दिशाभूल झाली. आजींच्या जिना चढणाऱ्या फोटोकडे याच नजरेनं बघा.

आता फ्लेक्सकडे.

"१०० टक्के यशस्वी." मी डॉक्टरांना फोनवर विचारलं, "सर, यशस्वी म्हणजे काय?" ते म्हणाले, "म्हणजे पेशंट चालतो की." बरोबर आहे, चालतो. गुडघेरोपण हे चांगलं ऑपरेशन आहे, यात शंका नाही. परदेशातल्या मोठ्या नोंदवह्यांवरून असं दिसतं, की बसवलेले शंभरातले ऐंशीच्या आसपास सांधे पंचवीस वर्षांनंतरही टिकून असतात. पण त्याच क्षेत्रातले अभ्यास हेही सांगतात, की ऑपरेशननंतर पाचातला एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो. कुणाची दुखणं उरल्याची तक्रार असते, कुणाला मांडी घालून बसता येत नाही, कुणाला 'आपला' गुडघा वाटत नाही. शंभरात एखाद-दुसऱ्याला जंतुसंसर्ग होतो आणि मग दुसरं ऑपरेशन, महिनोन् महिने औषधं. 'यशस्वी'ची व्याख्या 'सांधा नीट बसला' अशी केली तर आकडा शंभराजवळ जातो. 'रुग्ण खूश आहे' अशी केली तर ऐंशीच्या आसपास. फ्लेक्स वाचणारा दुसरी व्याख्या धरतो, छापणारा पहिली. लबाडी आकड्यात नसते, ती या दोन व्याख्यांच्या मधल्या जागेत असते.

"२००० हून अधिक यशस्वी ऑपरेशन्स" याचंही तेच. रजिस्टर काढलं तर हा आकडा डॉक्टरांच्या सबंध कारकिर्दीतला निघाला. पुण्यात सीनियर सर्जनच्या हाताखाली असिस्ट केलेली ऑपरेशन्सही त्यात होती. या इमारतीत झालेली किती? तो आकडा बराच लहान होता. सीसीपीएच्या तत्त्वांप्रमाणे जाहिरातीतला दावा पुराव्यानं दाखवता आला पाहिजे. माझी कसोटी साधी आहे: उद्या कुणी माहिती मागितली तर कोणतं रजिस्टर टेबलावर ठेवणार? रजिस्टर नसेल तर ओळ काढा. "जिल्ह्यात नं. १" याच कसोटीवर पाच सेकंदांत गेली. नंबर कुणी लावला, कधी लावला, बाकीचे स्पर्धक कोण, यातल्या कशालाच उत्तर नव्हतं.

"वेदनारहित" हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. हाडाची टोकं कापून त्यावर धातू बसवतात, दुखणारच. हल्ली वेदना आटोक्यात ठेवायला नसांभोवती भुलीची इंजेक्शनं देतात, औषधांची सांगड घालतात, आणि दुखणं पूर्वीपेक्षा खूप कमी असतं. पण ज्याला 'वेदनारहित' सांगून आणलंय, तो तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टनं गुडघा वाकवला की ओरडतो आणि त्याला वाटतं काहीतरी बिघडलं. पुढे तो व्यायाम टाळतो. व्यायाम टाळला की गुडघा आखडतो. फ्लेक्सवरचा एक शब्द असा थेट उपचाराच्या निकालात घुसतो, हे मी वॉर्डात बघितलंय.

"रोबोटिक"ची गंमत वेगळी. मशीन खरोखर आहे, म्हणजे सोय म्हणून सांगायला हरकत नाही. काप अचूक घ्यायला आणि पायाची रेषा नीट साधायला ते मदत करतं, हे बऱ्यापैकी सिद्ध आहे. पण त्यामुळे दहा वर्षांनी रुग्ण जास्त चांगला चालतो किंवा सांधा जास्त टिकतो, असं अजून ठामपणे दाखवता आलेलं नाही. शिवाय बहुतेक यंत्रांत रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, तो सर्जनचा हात मर्यादेत ठेवतो. गावाकडे मात्र 'यंत्र करतं म्हणजे चूक होणार नाही' असं ऐकू येतं, आणि जाहिरात करणाऱ्याला ते ठाऊक असतं.

"दुसऱ्या दिवशी चाला" ही ओळ खरी आहे. बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पण वॉकर धरून, फिजिओच्या आधारानं, खाटेपासून दारापर्यंत. शेतावर जाण्याइतकं चालायला दोन-तीन महिने लागतात आणि गुडघा पूर्ण रुळायला वर्षभरही जातं. ओळ ठेवायची असेल तर "वॉकरच्या आधारानं" हे दोन शब्दही तेवढ्याच टाइपात हवेत.

टाइपावरून ती चांदणी आठवली. "१,४९,०००* पासून." चांदणीचा खुलासा फ्लेक्सच्या तळाला, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात: अटी लागू. २०२२च्या तत्त्वांत याबद्दल चक्क लिहून ठेवलंय, की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा आणि अक्षरही दाव्याइतकंच हवं. मराठी दावा आणि इंग्रजी खुलासा हा प्रकार तिथेच संपतो.

आता या दीड लाखाचा हिशेब करू, कारण गावात सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीपीए या सरकारी यंत्रणेनं कमाल मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, ज्याची छापील किंमत सरासरी दीड लाखाच्या वर होती, तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा झाला. पुढे हे आकडे थोडेफार बदलले, आपण साठ हजार धरू. उरले ८९ हजार. त्यात ऑपरेशन थिएटर, सर्जन, भूलतज्ज्ञ, चार-पाच दिवस खोली, औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी. एका गुडघ्याला बसतं, ताणून बसतं. पण रक्त लागलं, साखर वाढल्यामुळे दोन दिवस आयसीयूत ठेवलं किंवा रुग्णाला वेगळ्या धातूचा सांधा हवा असला, की बिल दोन लाखांवर जातं. नातेवाईक फ्लेक्सचा मोबाइलमधला फोटो दाखवून भांडतात. खरं तर त्यांचं चुकत नाही.

म्हणून आम्ही डॉक्टरांच्या टेबलावर बसून एक पानभर यादी केली: पॅकेजमध्ये काय आहे, काय नाही, आणि नसलेल्याचा अंदाजे दर. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१च्या दुरुस्तीनंतर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारकच आहे. बहुतेक ठिकाणी ते जिन्याखाली, झाडाच्या कुंडीमागे असतं. आम्ही ते कॅश काउंटरच्या वर लावलं. त्याला खर्च आला तो लॅमिनेशनचा.

आजींचा फोटो. रुग्णाच्या परवानगीशिवाय ओळख पटेल असा फोटो किंवा केस छापायची नाही, असं संहिता म्हणते. डॉक्टर म्हणाले, "परवानगी आहे हो, सही आहे." सही बघितली. डिस्चार्जच्या दिवशीची, बिलाच्या कागदांच्या गठ्ठ्यातली. ज्या माणसाचं बिल चुकतं व्हायचंय, ज्याचे टाके त्याच डॉक्टरांनी काढायचेत, तो 'नाही' म्हणेल कसा? त्या वेळी तो साहेबांना कशालाच नकार देणार नाही, फोटोलाही नाही. माझा दंडक असा आहे: विचारायचं ते तीन महिन्यांनी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज दुसऱ्या कुणीतरी, साध्या मराठीत लिहिलेल्या कागदावर, फोटो कुठे कुठे लागणार हे सांगून, आणि कधीही काढून घेता येईल असं त्यावर लिहून. आम्ही आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, "कागदात काढा की. पण चौकात नको, सून म्हणंल काय नाटक लावलंय." फोटो गेला.

खरं सांगायचं तर परवानगी मिळाली असती तरी मी तो काढायलाच सांगितला असता. जी आजी जिना चढते तिच्याकडेच कॅमेरा जातो. जी अजून काठी घेऊन चालते, तिला कुणी विचारत नाही. रुग्णाचा अनुभव खरा असतो, पण निवडून दाखवलेला असतो, आणि बघणाऱ्याला निवड दिसत नाही.

आता शिबिर. मोफत शिबिर ही हॉस्पिटलसाठी सगळ्यात चांगली आणि सगळ्यात घसरडी गोष्ट. समजा, रविवारी १८० लोक आले, बहुतेक साठीपुढचे. शंभर जणांचा एक्स-रे काढला. या वयात एक्स-रेत गुडघ्याची झीज दिसणं अगदी सामान्य आहे, आणि ज्यांचा गुडघा फारसा दुखत नाही अशांच्याही चित्रात ती दिसते. शंभरातल्या साठ जणांना "सांधा घासलाय", "गॅप कमी झालाय", "ग्रीस संपलंय" असं सांगता येईल, आणि ते खोटंही नसेल. पण ऑपरेशनचा निर्णय चित्रावर होत नाही. दुखण्यानं रात्रीची झोप मोडते का, दोनशे पावलांत बसावं लागतं का, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणं आणि औषधं काही महिने मनापासून करून झालीत का, हे विचारावं लागतं. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो, हे त्या साठांतल्या कितीजणांना कुणी सांगितलं? (गावात या ऑपरेशनला 'वाटी बदलणं' म्हणतात. वाटी बहुतेकदा जागेवरच असते, बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं. शिबिरात एवढं जरी चित्र काढून दाखवलं तरी लोक नीट प्रश्न विचारू लागतात.)

शिबिर कशासाठी आहे हे ओळखायचं असेल तर पुढच्या सोमवारी मार्केटिंगवाल्यांचा तक्ता बघायचा. त्यात 'कन्व्हर्जन' नावाचा रकाना असतो: शिबिरातून किती ऑपरेशन्स निघाली. तो आकडा सर्जनच्या मासिक बैठकीत वाचला जात असेल, तर शिबिरात सल्ला कोण देतंय, डॉक्टर की रकाना, हे सांगणं अवघड होतं. मी हा रकाना काढत नाही, हॉस्पिटललाही वीजबिल भरायचं असतं. मी त्याच्या शेजारी दुसरा रकाना घालायला लावते: व्यायाम आणि वजनाचा सल्ला देऊन किती जणांना घरी पाठवलं, आणि त्यातले किती तीन महिन्यांनी दाखवायला आले. शंभरांत ऑपरेशनवाले जास्त आणि घरी गेलेले कमी असं झालं, की काहीतरी गडबड आहे. आणि 'मोफत' लिहिलं असेल तर एक्स-रेचे तीनशे रुपये घ्यायचे नाहीत. घ्यायचेच असतील तर "तपासणी मोफत, एक्स-रे ३०० रुपये" असं छापायचं.

इथवरचं सगळं डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग खुर्ची मागे सरकवून ते म्हणाले, "मॅडम, फ्लेक्सनं पेशंट येत नाहीत. पेशंट येतात जीपींकडून. समोरचा हॉस्पिटलवाला देतोय, मी नाही दिलं तर माझ्याकडं कोण पाठवणार?"

जीपी म्हणजे गावोगावचे फॅमिली डॉक्टर. डॉक्टर कशाबद्दल बोलत होते ते सांगायला नको. कट. म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलचं कमिशन. हॉस्पिटलचा पीआरओ, म्हणजे जनसंपर्क बघणारा माणूस, महिन्याच्या पाच तारखेला मोटरसायकलवर गावोगावचे दवाखाने फिरतो, पाकिटं पोचवतो. हिशेबात ते 'बिझनेस प्रमोशन' असतं. संहितेत रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं, मागणं, घेणं तिन्ही अनैतिक आहे, आणि रुग्ण मिळवायला एजंट नेमणंही. आयकरातही हा खर्च पचत नाही: औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटींबाबत सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲपेक्स लॅबोरेटरीज खटल्यात सांगितलं, की घेणाऱ्याला जे घ्यायला मनाई आहे ते देणाऱ्याला व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. तोच तर्क या पाकिटालाही लागतो.

पण मी डॉक्टरांना कायदा सांगितला नाही, हिशेब सांगितला. पॅकेजमधले सांध्याचे साठ हजार गेल्यावर ८९ हजार उरतात. त्यातून समजा पंधरा हजार पाकिटात गेले, तर ते कुठून येतात? खोलीचं भाडं तेच, भूलतज्ज्ञ कमी घेणार नाही. पहिली कात्री फिजिओथेरपीवर चालते, कारण ती डिस्चार्जनंतर असते आणि रुग्णाला कळत नाही. मग रुग्णाचा गुडघा आखडतो, तो गावात जाऊन सांगतो. म्हणजे पाकीट देऊन आणलेला रुग्ण पुढच्या चार रुग्णांना थांबवतो.

जीपीला पाकिटापेक्षा काय हवं असतं, हे मी गावोगावी फिरून विचारलंय. पहिली तक्रार एकच: "पेशंट पाठवला की तो गेला. काय झालं ते मला पेशंटकडूनच कळतं." म्हणून आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या. रुग्ण भरती झाला की त्याच दिवशी त्याच्या फॅमिली डॉक्टरांना सर्जनचा स्वतःचा फोन. डिस्चार्ज कार्डाची प्रत, रुग्णाला विचारून, चोवीस तासांत त्यांच्याकडे. आणि टाके काढल्यानंतरची साखर-बीपीची देखरेख परत त्यांच्याकडेच. पीआरओ तोच राहिला, मोटरसायकलही तीच, पिशवीत पाकिटांऐवजी डिस्चार्ज कार्डं आली. दोन जीपी तुटले, हेही सांगायला हवं. त्यांनी तोंडावर सांगितलं, की कार्डावर घर चालत नाही.

आपण कट देत नाही, हीच जाहिरात करावी का? मुंबईत २०१७ मध्ये एशियन हार्ट इन्स्टिट्यूटनं नेमकं हेच केलं. प्रामाणिक सल्ला, डॉक्टरांना कमिशन नाही, अशा अर्थाचं इंग्रजी होर्डिंग लावलं आणि इंडियन मेडिकल असोसिएशननं हरकत घेतली, कारण त्यातून बाकीचे सगळे घेतात असा अर्थ निघतो. त्याच वर्षी राज्य सरकारनं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही करून घेतला होता. त्या होर्डिंगबद्दल माझं मत अजून डळमळतं. बोललेलं खरं होतं आणि बोलायला धाडस लागलं. पण तालुक्याच्या गावात, जिथं सर्जन आणि जीपी एकाच लग्नात जेवायला बसतात, तिथं मी ते लावायला सांगणार नाही.

एक गोष्ट राहिली, छोटी पण रोजची: गुगलवरचे रिव्ह्यू. या हॉस्पिटलला कुणीतरी एक स्टार देऊन लिहिलं होतं, "आईला जखम चिघळली, लक्ष दिलं नाही." रिसेप्शनच्या मुलीनं हॉस्पिटलच्या नावानं उत्तर दिलं होतं: "तुमच्या आईंची शुगर भरती होताना ३८० होती, त्यांनी पथ्य पाळलं नाही." तिच्या मते तिनं बाजू मांडली होती. प्रत्यक्षात तिनं एका रुग्णाचा आजार आणि आकडा जगासमोर ठेवला. रुग्णाची गुपितं उघड न करण्याचा नियम तक्रारखोर नातेवाइकांसाठी सैल होत नाही. रिव्ह्यू खोटा असला तरी उत्तरात तो माणूस आपला रुग्ण होता की नव्हता, एवढंसुद्धा मान्य करायचं नाही. उत्तर दोन ओळींचं: तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे, कृपया या नंबरवर अमुक वेळेत बोला. आणि त्या नंबरवर खरोखर कुणीतरी असायला हवं. आम्ही जुनं उत्तर काढलं, डॉक्टरांनी स्वतः त्या मुलाला फोन केला. रिव्ह्यू एक स्टारचाच राहिला.

शेवटी प्रिंटला गेलेला फ्लेक्स असा होता. वर हॉस्पिटलचं नाव आणि पत्ता. खाली: "गुडघा व खुबा सांधेरोपण विभाग. रोबोटिक यंत्रणेची सोय. फिजिओथेरपी विभाग, डिस्चार्जनंतर सहा आठवड्यांची सत्रं पॅकेजमध्ये. एका गुडघ्याचं पॅकेज १,६५,००० रुपये. यात रक्त, आयसीयू आणि वेगळ्या प्रकारचा सांधा धरलेला नाही. पूर्ण दरपत्रक काउंटरवर. रविवारी गुडघेदुखी तपासणी मोफत, एक्स-रे ३०० रुपये. व्यायाम शिकवले जातील." सगळं एकाच टाइपात. फोटोच्या जागी गुडघ्याचं रेखाचित्र, ज्याला संहितेची मुभा आहे. आणि कोपऱ्यात नगरपालिकेचा परवाना क्रमांक, जो गावातल्या दुसऱ्या एकाही फ्लेक्सवर नव्हता.

दर सोळा हजारांनी वाढवायला डॉक्टरांचा जीव होत नव्हता. समोरच्याचा फ्लेक्स अजून सव्वा लाखाचा आहे, चांदणीसकट. पण फिजिओची सत्रं आत घातली तर हिशेब तिथेच येत होता.

सोमवारी फ्लेक्स लागला. फ्लेक्सवरचा नंबर रिसेप्शनचा, तिथल्या मुलीसमोर पॅकेजचं पान चिकटवलेलं. पहिले दोन फोन शिबिराची वेळ विचारणारे. तिसरा एका शेतकऱ्याचा: "बाई, दोन्ही गुडघं एकदम केलं तर किती? का दोनानं गुणायचं?" तिनं पान वरून खाली वाचलं. ती ओळच आम्ही घातली नव्हती. तिनं फोन होल्डवर ठेवला आणि डॉक्टरांच्या केबिनकडे धावली.